दोघांची झोप वेगळी असेल तर गादी कशी निवडायची

आमच्या दुकानात जोडपं आलं की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य बहुतेक वेळा कानावर येतंच. "ह्याला कडक हवी, मला मऊ हवी. तुम्ही आम्हाला मधली दाखवा." साताऱ्यात गाद्यांचा धंदा करून मला २२ वर्षं झाली. मधली गादी काही जोडप्यांना खरंच मानवते. पण पुष्कळदा ती दोघांपैकी एकालाही धड मानवत नाही, आणि पुढची आठ-दहा वर्षं दोघंही सकाळी अंग चोळत उठतात. म्हणून पहिल्यांदा गादी घेणाऱ्यांना मी एक क्रम सांगते. आधी दोघांची गरज वेगवेगळी पाहा. मग एकच गादी दोघांना पुरते का, ते प्रत्यक्ष आडवं पडून तपासा. पुरत नसेल तर एकाच पलंगावर दोन गाद्या शेजारी शेजारी टाका. आपल्याकडे जमिनीवर अंथरुणं घालायची तेव्हा प्रत्येकाची गादी वेगळीच असायची. एका गादीवर दोघांनी झोपायचं, हे डबलबेडबरोबर आलं.

एक जोडपं डोळ्यासमोर ठेवून सांगते, म्हणजे नीट कळेल. तो ८८ किलो वजनाचा, उंची पाच फूट दहा इंच. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असला की घरी यायला सव्वाबारा होतात. पाठीवर झोपतो आणि त्याला सारखं उकडतं. ती ५२ किलोची, पाच फूट दोन इंच, शाळेत शिक्षिका, पहाटे साडेपाचला उठणारी. उजव्या कुशीवर झोपते आणि खांदा दुखून जाग येते. चार वर्षांचा मुलगा पहाटे कधीतरी येऊन दोघांच्या मध्ये शिरतो. घरात लग्नातला बॉक्सबेड, त्यावर नऊ वर्षं जुनी काथ्याची गादी.

दुकानात येण्याआधी सात सकाळी

गादी बघायला निघण्याआधी आठवडाभर रोज सकाळी दोघांनी आपापलं लिहून ठेवायचं. एकमेकांना विचारून नाही, वेगवेगळं. जाग आली तेव्हा मी कोणत्या अंगावर होतो? काय दुखत होतं, आणि ते किती वेळात गेलं? रात्री जाग कशाने आली: उकाड्याने, दुखण्याने, की शेजारचा हलल्याने? एवढे तीन प्रश्न पुरतात. "मी कसा झोपतो" याचं आपल्या मनातलं उत्तर बरेचदा चुकीचं असतं. झोप लागताना पाठीवर असलेला माणूस रात्रीचा बराच वेळ कुशीवर काढू शकतो. गादीच्या दृष्टीने आपण कसे आडवे होतो त्यापेक्षा कसे उठतो हे जास्त कामाचं.

या दोघांच्या कागदावर जे निघालं ते त्यांनाही नवं होतं. ती सातपैकी पाच दिवस उजव्या खांद्यावर उठली होती आणि हाताला मुंग्या होत्या, त्या दहा मिनिटांत गेल्या. तो सात दिवस पाठीवरच होता आणि चार दिवस कंबर जड होती. पण सगळ्यात महत्त्वाची नोंद तिसरी होती. तो रात्री येऊन पलंगावर बसला की तिला जाग येत होती, पाचही कामाच्या दिवशी. दोघं भांडत होती ते कडक की मऊ यावर. तिची झोप मात्र खांद्याइतकीच त्याच्या येण्यानेही मोडत होती.

दुखण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. उठल्यावर हालचाल केली की अर्ध्या तासात जाणारं दुखणं गादीचं असू शकतं. दिवसभर राहणारं, पायात उतरणारं किंवा दिवसाही मुंग्या आणणारं दुखणं डॉक्टरांना दाखवायचं. त्यावर गादी विकत घेऊ नका.

कडक आणि मऊ म्हणजे काय

गादीकडून दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात आणि आपण त्या एकाच शब्दात कोंबतो. पहिली, वरचा थर शरीराचे पुढे आलेले भाग, म्हणजे खांदा आणि नितंब, किती आत घेतो. दुसरी, खालचा गाभा कमरेला खाली जाऊ न देता किती धरून ठेवतो. वरून मऊ आणि आतून भक्कम अशी गादी असू शकते. वरून टणक आणि मध्ये बसलेली गादीही असू शकते. त्यांची काथ्याची गादी तशीच झाली होती.

कुशीवर झोपणाऱ्याचा भार खांदा आणि नितंब या दोन ठिकाणी एकवटतो. गादी टणक असेल तर खांदा आत जात नाही, तो वर ढकलला जातो आणि दबतो. कंबर मात्र अधांतरी राहते. पाठीवर झोपणाऱ्याचा भार पसरलेला असतो, पण सगळ्यात जड भाग नितंबांचा. गादी जास्त मऊ असेल तर तो भाग खड्ड्यात जातो आणि कमरेला बाक येतो. पोटावर झोपणाऱ्याचं हेच जास्त होतं, म्हणून त्याला तिघांत सगळ्यात टणक गादी लागते.

यात वजन धरलं नाही तर सगळा हिशोब चुकतो. तीच गादी ५२ किलोच्या बाईला कडक आणि ८८ किलोच्या माणसाला मऊ वाटू शकते, आणि दोघंही खरंच बोलत असतात. वर दोन इंचांचा मऊ थर असेल तर जड माणूस तो पूर्ण दाबून खालच्या गाभ्यापर्यंत पोचतो. हलका माणूस त्या थराच्या वरच राहतो. म्हणून "माझ्या भावाने घेतली, फार छान आहे" या शिफारशीला मी एकच प्रश्न विचारते: भावाचं वजन किती?

पाठीला कडकच गादी बरी, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. जुन्या कापसाच्या गादीला मध्ये खड्डा पडायचा तेव्हा फळीवर झोपून बरं वाटायचं, त्यातून ती आली असावी. २००३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांपैकी काहींना कडक, काहींना मध्यम-कडक गादी दिली आणि ९० दिवस पाहिलं. मध्यम-कडक गादीवरच्या लोकांची कंबर जास्त सुधारली. 'ऑर्थो' असं लिहिलेली गादी मागणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते. तो शब्द लिहायला वैद्यकीय परीक्षा द्यावी लागत नाही. आत बहुतेक वेळा रीबाँडेड फोम असतो, म्हणजे फोमचे तुकडे दाबून केलेला अतिशय टणक थर. जड माणसाला तो चालू शकतो. हलक्या, कुशीवर झोपणाऱ्या बाईला तो जमिनीसारखाच.

गादीवर ६ किंवा ७ असा कडकपणाचा आकडा दिलेला असतो, त्यावर फार विसंबू नका. एका कंपनीचा ६ हा दुसरीचा ७ असू शकतो. त्या स्पेनच्या अभ्यासात तर १ म्हणजे सगळ्यात कडक होती आणि १० म्हणजे सगळ्यात मऊ. आज विक्रेते नेमकं उलटं मोजतात.

तळहाताची परीक्षा

दुकानात येताना घरची उशी घेऊन या. उशी बदलली की मान बदलते आणि गादीचा अंदाज चुकतो. चपला काढा, लाजू नका, आणि आपल्या नेहमीच्या अंगावर किमान दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. दोन मिनिटांत प्रत्येक मऊ गादी छान वाटते.

पाठीवर झोपणाऱ्याने पडून राहायचं आणि जोडीदाराने त्याच्या कमरेखालच्या पोकळीत तळहात सरकवायचा. हात सहज आरपार गेला तर गादी त्याला कडक आहे. हात शिरतच नसेल तर नितंब खाली गेलेत, गादी मऊ आहे. हात जरा घासत, पण जोर न लावता गेला तर ठीक.

कुशीवर झोपणाऱ्याला मागून पाहायचं. अंगासरसा बसणारा टी-शर्ट घालून या आणि जोडीदाराला पाठीचा फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंतची रेघ जमिनीला समांतर आणि सरळ दिसली पाहिजे. कंबर खाली झोळीसारखी लोंबत असेल तर गादी मऊ किंवा बसलेली. खांदा वर आणि मान तिरकी दिसत असेल तर गादी कडक.

आमच्या जोडप्याला मी तीन गाद्यांवर झोपवलं. रीबाँडेडच्या टणक गादीवर त्याच्या कमरेखाली हात घासत गेला, म्हणजे त्याला ती चालली असती. तिचा खांदा मात्र तसूभरही आत गेला नाही आणि बाराव्या मिनिटाला हात जड व्हायला लागला. वर अंगाप्रमाणे दबणारा जाड मेमरी फोम असलेल्या मऊ गादीवर तिची रेघ सुरेख सरळ आली. त्याच्या कमरेखाली हातच शिरेना. मग मधली. ४० घनतेच्या फोमचा सलग गाभा आणि वर पातळ थर. त्याला ती उत्तम बसली. तिला रीबाँडेडपेक्षा बरी वाटली, पण फोटोत खांदा अजून वरच होता.

इथे बहुतेक जोडपी मधली घेऊन निघून जातात, कारण एक पूर्ण खूश आणि दुसऱ्याला "चालेल" असतं. जिथे "चालेल" हा शब्द येतो तिथे मी थांबवते. दोघंही परीक्षेत उत्तीर्ण झाली तर एक गादी घ्या, डोळे मिटून घ्या. एक जरी नापास झालं तर पुढचा विचार करा.

घनतेबद्दल जाता जाता सांगते, कारण त्यात फसगत होते. ३२ किंवा ४० हा आकडा एका घनमीटर फोमचं वजन किलोत सांगतो. जास्त घनतेचा फोम साधारणपणे जास्त वर्षं टिकतो, उशिरा बसतो. तो कडक की मऊ हे त्यावरून कळत नाही. ४० घनतेचा मऊ फोमही असतो. रोजच्या झोपेसाठी ३२च्या खालचा फोम मी सुचवत नाही.

शेजारचा हलला की

ज्यांच्या वेळा वेगळ्या आहेत त्यांनी ही परीक्षा चुकवू नये. एकाने डोळे मिटून आपल्या बाजूला पडायचं. दुसऱ्याने दुसऱ्या कडेवर बसायचं, आडवं व्हायचं, कूस बदलायची, उठायचं. पहिल्याला हालचाल जाणवली की बोट वर करायचं. बोट किती वेळा वर गेलं ते मोजा.

साध्या स्प्रिंगच्या गादीत, जिला बोनेल म्हणतात, सगळ्या स्प्रिंगा एकमेकींना तारेने बांधलेल्या असतात, त्यामुळे एका टोकाचा हेलकावा दुसऱ्या टोकाला पोचतो. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असते, ती आपल्यापुरती दबते. फोम हालचाल बराच गिळतो आणि मेमरी फोम सगळ्यात जास्त. पण मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो आणि अंगाभोवती बसतो, त्यामुळे ज्याला उकडतं त्याला तो नको होतो. आमच्याकडे थंडीत तो सुरुवातीला टणक लागतो, कोकणात मे महिन्यात अगदीच सैल पडतो. लेटेक्स, म्हणजे रबराचा फोम, हवामानाने इतका बदलत नाही. तो चटकन उसळून वर येतो, म्हणून कूस बदलायला सोपा, पण वजनाला भारी आणि महाग. काथ्याच्या गादीत हवा खेळते, मात्र ती टणक असते आणि काही वर्षांत जिथे झोपतो तिथेच बसते.

आणखी एक तपासा. हलताना आवाज पलंगाचा तर येत नाही ना? बोल्ट ढिले असतील तर कोणतीही गादी घेऊन रात्री जाग येतच राहणार.

एका पलंगावर दोन गाद्या

या जोडप्याला मी सांगितलं, गाभा दोघांचा एकच ठेवू, वरचा थर बदलू. त्याची गादी सहा इंचांची, पूर्ण त्या मध्यम-कडक फोमची. तिची चार इंच तोच फोम आणि त्यावर दोन इंच मऊ लेटेक्स. दोन्हींची जाडी सहा इंच, त्यामुळे पलंगावर पायरी होत नाही. तिला लेटेक्सच्या तुकड्यासह पुन्हा पंधरा मिनिटं झोपवलं आणि फोटो काढला. रेघ सरळ आली. गाद्या वेगळ्या असल्याने तो रात्री येऊन बसला तरी हेलकावा तिच्या गादीत शिरत नाही. पलंग हलेल तेवढंच जाणवेल.

दोन गाद्यांची अडचण एकच, मधली फट. बॉक्सबेडला चारही बाजूंनी कड असते, ती गाद्यांना एकत्र दाबून धरते, त्यामुळे फट कमी पडते. कड नसलेल्या पलंगावर गाद्या सरकतात. तिथे दोन्ही गाद्यांना मिळून एक घट्ट पट्टा किंवा मोठी खोळ लागते. वर पूर्ण रुंदीची, इंचभर जाडीची शिवलेली पातळ गादी टाकली की फट फारशी जाणवत नाही. चादर एकच मोठी, पांघरुणं मात्र दोन. पांघरूण ओढाओढीने मोडणारी झोप तर दोन पांघरुणांनी सुटते, त्याला गादी बदलायची गरज नाही.

बाळ मध्ये झोपणार असेल तर दोन गाद्यांचा विचार करू नका. तान्ह्या बाळाला फटीत किंवा मऊ थरात तोंड जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. वर्षाच्या आतलं बाळ मोठ्यांच्या मऊ गादीवर न झोपवता शेजारी त्याच्या स्वतंत्र, टणक, सपाट अंथरुणावर झोपवा. या दोघांचा मुलगा चार वर्षांचा होता आणि पहाटे तासभर येत होता, म्हणून मी हो म्हटलं.

पैसे किंवा जागा कमी असेल तर एक वाट आणखी आहे. जड माणसाला जी गादी बसते ती एक सलग घ्या आणि हलक्याच्या बाजूपुरता दोन इंचांचा मऊ थर वर टाका. पायरी होते, पण चालण्याजोगी. याच कारणाने मन द्विधा असेल तेव्हा मी नेहमी किंचित कडक बाजूला कलते. कडक गादी वर थर टाकून मऊ करता येते. मऊ गादी कडक करण्याचा उपाय माझ्याकडे नाही. खाली प्लायवूड टाकल्याने फक्त पलंगाचा झोळ जातो, गादीचा नाही.

माप

बाजारात लांबी तीन येतात: ७२, ७५ आणि ७८ इंच. बोलीत सहा, सव्वासहा, साडेसहा फूट. रुंदीत डबल ४८, क्वीन ६०, किंग ७२ इंच. डबल हे नाव असलं तरी ४८ इंचांत माणशी २४ येतात. दोन मोठ्या माणसांनी रोज झोपायला ती गादी नाही. क्वीनमध्ये माणशी ३०, किंगमध्ये ३६ इंच, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण सिंगल गादीइतकी जागा. दोन गाद्यांचा उपाय किंगवरच नीट बसतो. तीस इंचांच्या गादीवर ८८ किलोचा माणूस कडेवर येतो, आणि फोमची कड भाराने दबते, म्हणजे वापरायला मिळणारी जागा आणखी कमी. वेळा वेगळ्या असलेल्या जोडप्याला रुंदी हाच निम्मा उपाय असतो, हे माझं ठाम मत आहे.

लांबीसाठी जो उंच असेल त्याच्या उंचीत सहा इंच मिळवा. त्याची उंची ७० इंच, म्हणजे ७६ हवेत. त्यांच्या बॉक्सबेडची लांबी ७५. एका इंचासाठी नवा पलंग घ्यायचा का? तो पाठीवर झोपतो, पाय उभे राहतात, पाच इंचांत भागतं. पोटावर झोपणारा असता तर पावलं सरळ पसरली असती आणि मी ७८ सांगितले असते.

मग खोली. त्यांची खोली १० बाय ११ फूट, म्हणजे १२० बाय १३२ इंच. पलंगाची बाहेरची रुंदी ७५. उरले ४५, दोन्ही बाजूंना साडेबावीस इंच. मी दोन्ही बाजू मोकळ्या ठेवायला सांगितल्या. जागा वाचवायला पलंग भिंतीला टेकवला की आतल्या माणसाला रोज दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं, आणि इथे तर एक सव्वाबाराला येतो, दुसरी साडेपाचला उठते. लांबीकडे पलंग हेडबोर्डसकट ८० इंच, पायाशी कपाट २४ इंच खोल. उरतात २८. कपाटाचं दार १८ इंचांचं आहे, ते उघडतं. नऊ फुटी भिंतीला हाच पलंग लावला असता तर बाजूंना साडेसोळा इंचच उरले असते. तिथे मी क्वीन सुचवली असती, वर अर्धा मऊ थर टाकून.

गादीचं माप पलंगाच्या आतून घ्या, बाहेरून नाही, आणि तीन ठिकाणी घ्या: उशाला, मध्ये, पायथ्याला. सुताराने घरी केलेले पलंग क्वचितच सगळीकडे सारखे भरतात. यांचा ७२, पावणेबहात्तर आणि साडेएकाहत्तर भरला. ३६च्या दोन गाद्या पायथ्याशी फुगून वर आल्या असत्या. म्हणून प्रत्येकी पावणेछत्तीस इंचांच्या करून घेतल्या. फोम किंचित दाबून बसतो, स्प्रिंगची गादी बसत नाही. ती मापात कमीच असावी. अशी खास मापाची गादी बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, तेव्हा माप दोघांनी दोनदा घ्या. ऑनलाइन घेताना परत करायला १०० रात्रींची मुदत मिळते असं पाहून घेत असाल तर खास मापाला ती लागू आहे का, तेही वाचा.

जाडी बघताना जमिनीपासूनची उंची मोजा. पलंगाच्या काठावर बसल्यावर पावलं जमिनीला टेकली पाहिजेत. यांची फळी जमिनीपासून १४ इंचांवर, अधिक सहा, २० इंच. तिची पावलं टेकत होती. आठ इंची गादी दिसायला भारदस्त, पण तिचे पाय लोंबले असते. शिवाय बॉक्समधलं सामान काढायला गादी उचलावी लागते, हेही आठवा.

गादी घरी आल्यावर

पॉलिथिन काढून टाका. गादी खराब होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं ते तसंच ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. घाम जिरत नाही, वारा लागत नाही, आणि उकडणाऱ्या माणसाची अख्खी गादी वाया जाते. डाग पडण्याची भीती असेल तर धुता येणारी सुती खोळ घाला. गुंडाळून आलेल्या फोमच्या गादीला पूर्ण फुगायला दोन दिवस द्या, वास तोवर कमी होतो. बॉक्सबेडच्या सलग फळीखाली हवा नसते, पावसाळ्यात गादीच्या पोटाला बुरशी धरते. सुताराकडून फळीला इंचभराची भोकं पाडून घ्या आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गादी उभी करून पंख्याखाली ठेवा.

पहिले दोन-तीन आठवडे निकाल लावू नका. शरीराला जुन्या खड्ड्याची सवय असते. तिची कमर पहिल्या आठवड्यात आखडली होती, मग सुटली. महिन्याने पुन्हा सात सकाळी लिहा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. खांदा, नितंब दुखत असतील तर गादी अजून कडक आहे. कंबर जड राहत असेल तर मऊ पडते आहे.

त्याचा दुसरा कागद जवळजवळ कोरा होता. तिच्या हाताच्या मुंग्या गेल्या होत्या, पण मान धरायला लागली होती. ती काळजीत आली तेव्हा मी उशी आणायला सांगितली. खांदा आता आत जात होता, म्हणजे डोकं आणि गादी यांतलं अंतर कमी झालं होतं, आणि जुनी उंच उशी मान वर ढकलत होती. उशीची शिवण उसवून थोडा कापूस काढला, आणि चार दिवसांत मान मोकळी झाली. मुलगा पहाटे मध्ये शिरला की फटीत रुततो, असं तिने जाताना सांगितलं. त्यासाठी दोन्ही गाद्यांवर आडवी पसरायला इंचभर जाडीची शिवलेली गादी दिली. या पातळ गादीच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या पलंगाच्या कडेत खोचून घ्यायच्या, नाहीतर ती सरकते. आता दर तीन महिन्यांनी दोघं आपापली गादी उशापायथ्याने फिरवतात. तिची गादी उलटी मात्र करायची नाही, लेटेक्स वरच राहायला हवा.